पाठवलं तेच पोचलं का?

जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला की त्याची बातमी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेलं किमान तापमान दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं. पण द्राक्ष बागायतदाराला ते दुसऱ्या दिवशी कळून काय उपयोग? थंडीने मणी तडकायच्या आत बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं, ही सगळी धावपळ पहाटेच करावी लागते. म्हणून बागेतच सेन्सर लावायचा, पारा अमुक अंशांखाली गेला की मोबाइलवर गजर वाजवायचा, ही कल्पना साधी आणि स्वस्तही आहे. तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२ सेन्सर, मातीतला ओलावा मोजणारा दुसरा, ते दोन्ही वाचणारा आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर आणि शेतघरात नोंदी घेणारा एक लहानसा संगणक. एवढ्यावर काम भागतं.

काम भागत नाही ते या दोघांच्या मधल्या तारेत. ही गोष्ट त्या तारेतून येणाऱ्या ओळींची आहे.

पाच ओळी

समजा, बागेतला आर्डुइनो दर 10 सेकंदांनी एक ओळ पाठवतो. ओळीत चार आकडे, मध्ये स्वल्पविराम: नोंदीचा अनुक्रमांक, तापमान, आर्द्रता आणि मातीचा ओलावा. ओलाव्याचा आकडा 0 ते 1023 मधला असतो, कारण उनो सेन्सरचा व्होल्टेज तेवढ्याच पायऱ्यांत मोजतो. अशी साधी मजकुराची ओळ पाठवण्यात एक मोठी सोय आहे. काय चाललंय ते डोळ्यांनी वाचता येतं, आणि ओळ कुठे संपते ते ओळ तोडणाऱ्या चिन्हावरून कळतं. मध्येच काही बिघडलं तरी पुढच्या चिन्हापासून सगळं पुन्हा जागेवर येतं.

आता जानेवारीतल्या एका रात्री आठच्या सुमारास संगणकावर या पाच ओळी आल्या असं धरू:

```
7.5,61.2,513
1042,17.4,61.0,512
1043,17,4,60.9,512
1044,7.4,60.9,511
1045,nan,nan,511
```

यातली दुसरी ओळ तेवढी धड आहे. पहिलीचं डोकं उडालेलं आहे, कारण संगणकाने कान लावला तेव्हा आर्डुइनोची ओळ अर्धी बोलून झाली होती. हे दर वेळी सुरुवातीला व्हायचंच, त्यात बिघाड काही नाही.

तिसऱ्या ओळीत 17.4 मधल्या टिंबाचा स्वल्पविराम झाला आणि चाराचे पाच आकडे झाले. हे विचित्र वाटेल, पण संगणकाच्या लिपीत ही दोन चिन्हं शेजारी राहतात. टिंबाचा सांकेतिक अंक 2E, स्वल्पविरामाचा 2C, आणि दोघांत फरक फक्त एका बिटचा. तारेत एक बिट उलटला की टिंबाचा स्वल्पविराम होतो. अंकांचंही तसंच: 2 चा 3 किंवा 6, 1 चा 9 व्हायला एकच बिट पुरतो.

चौथी ओळ खरी घातक. तिच्यात 17.4 मधला 1 गळाला आणि उरलं 7.4. आकडे चारच, सगळे वाचता येणारे, आणि निफाडच्या जानेवारीत अगदी शक्य असलेलं तापमान. गजर 8 अंशांवर लावला असेल, तर घरचे सगळे काड्यापेटी घेऊन बागेत धावतील.

पाचव्या ओळीतला `nan` म्हणजे ‘हा आकडाच नाही’. ही ओळ खराब दिसते, पण ती खराब नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

पहारा कुठे आहे, कुठे नाही

आकडा सेन्सरपासून संगणकापर्यंत तीन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा सेन्सर ते आर्डुइनो. डीएचटी-२२ दर वाचनाला 40 बिट पाठवतो, म्हणजे पाच बाइट. त्यातले चार बाइट आर्द्रता आणि तापमानाचे, पाचवा त्या चारांच्या बेरजेचा. बेरीज जुळली नाही तर वाचन बाद. शेवटचा टप्पा यूएसबीचा. तिथेही प्रत्येक पुडक्याबरोबर तपासणीचा अंक असतो, आणि तो चुकला तर पुडकं आपोआप पुन्हा मागवलं जातं.

मधला टप्पा मात्र उघडा आहे. आर्डुइनोच्या पाठवणीच्या पिनपासून संगणकाला लावलेल्या यूएसबी कन्व्हर्टरपर्यंत पंधरा-वीस मीटर तार जाते. या तारेवर 9600 च्या वेगाने एक बिट साधारण 104 मायक्रोसेकंद टिकतो. प्रत्येक अक्षराआधी एक आरंभाचा बिट, मग आठ बिट अक्षराचे, शेवटी एक थांब्याचा. अक्षर बरोबर पोचलं की नाही हे सांगणारं यात काहीच नाही. मोटरच्या केबलशेजारून ही तार नेली असेल, तर मोटर चालू-बंद होताना उठणारा विजेचा झटका एखादा बिट उलटवतो, किंवा आरंभाचा बिटच झाकून टाकतो आणि अक्षर कचरा होतं. घेणाऱ्या बाजूचा प्रोग्राम दुसऱ्या कामात अडकला आणि त्याने वेळेत वाचलं नाही, तर साठवणीची जागा भरून अक्षरं गळतात. शेतीपंपाला थ्री फेज वीज बऱ्याचदा पाळीने रात्रीच मिळते. म्हणजे ज्या वेळी पाऱ्यावर नजर हवी, नेमकी त्याच वेळी मोटरही सुरू असते.

दिसायला बरोबर

असल्या ओळी गाळण्यासाठी सहसा जे पहिलं सुचतं ते असं: आकडे चार आहेत का बघा, ते आकड्यात बदलता येतात का बघा, येत नसतील तर ओळ सोडा. हे करायलाच हवं. पहिली आणि तिसरी ओळ त्यात बाद होतात. चौथी निसटते.

मग दुसरी चाळणी लावली जाते, ती मर्यादेची. तापमान -40 ते 80 मध्ये हवं, कारण सेन्सरची कुवतच तेवढी. 7.4 त्यातूनही सुखरूप पार होतो. मर्यादा आवळून 5 ते 45 केली तरी पार होतो. आणि आणखी आवळली, तर ज्या थंडीसाठी हा सगळा खटाटोप, तिचाच आकडा बाद व्हायला लागतो.

तिसरी चाळणी उडीची: मागच्या नोंदीपेक्षा पाच अंशांहून जास्त फरक असेल तर ओळ सोडा. आता चौथी ओळ अडकली. पण समजा रात्री दोनला वीज गेली, पहाटे पाचला आली, आणि मधल्या वेळात पारा खरोखरच 14 वरून 7 वर उतरला. नवी नोंद जुन्या 14 शी ताडून पाहिली जाते, उडी मोठी म्हणून बाद होते. पुढचीही त्याच 14 शी ताडली जाते, तीही बाद. प्रोग्राम बरोबर आलेली प्रत्येक ओळ फेकत राहतो आणि गजर कधीच वाजत नाही.

या तिन्ही चाळण्यांचं दुखणं एकच. ओळ पटण्यासारखी आहे का, एवढंच त्या विचारतात. विचारायला हवं ते वेगळं: आर्डुइनोने जे पाठवलं तेच पोचलं का? याचं उत्तर ओळ घेणाऱ्याला नुसत्या ओळीकडे बघून देता येत नाही. त्यासाठी पाठवणाऱ्यानेच ओळीबरोबर काहीतरी द्यावं लागतं.

द्राक्षांची गाडी निघते तेव्हा चलनावर क्रेटची संख्या लिहितात, आणि उतरवून घेणारा ती मोजून पाहतो. ओळीच्या शेवटी तसंच चलन जोडायचं. त्याला चेकसम म्हणतात.

शेवटचे दोन अंक

ही युक्ती जहाजांवर जुनी आहे. एनएमइए 0183 या सागरी उपकरणांच्या मानकात जीपीएसची ओळ स्वल्पविरामांनीच तोडलेली असते. तिच्या शेवटी तारांकन आणि त्यापुढे दोन अंक असतात. ओळीतल्या सगळ्या अक्षरांचे सांकेतिक अंक ‘एक्सॉर’ या क्रियेने एकमेकांत मिसळले की ते अंक मिळतात. एक्सॉर म्हणजे बिटला बिट भिडवायचा: दोन्ही सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1. कितीही लांब ओळ असली तरी शेवटी एकच बाइट उरतो, आणि तो सोळाच्या पायावर लिहिला की दोन अंकांत मावतो.

आर्डुइनोच्या बाजूला यासाठी एवढंच लागतं. `line` मध्ये तयार ओळ आहे असं धरलं आहे:

```cpp
byte x = 0;
for (char *p = line; *p; p++) x ^= *p;
Serial.print(line);
Serial.print('*');
if (x < 16) Serial.print('0');
Serial.println(x, HEX);
```

शेवटून दुसरी ओळ क्षुल्लक वाटते, पण ती विसरली तर 07 ऐवजी नुसता 7 जातो. मग घेणारा दोन अंकांची वाट बघतो आणि अशी चांगली ओळ विनाकारण बाद होते.

आता आपली चौथी ओळ चालवून पाहू. आर्डुइनोने पाठवायची ओळ होती `1044,17.4,60.9,511`. तिच्यातली दोन टिंबं एक्सॉरमध्ये एकमेकांना खोडतात. तीन स्वल्पविरामांतले दोन खोडले जातात आणि एक उरतो, तो 2C. तेरा अंक एकमेकांत मिसळले की 39 मिळतात. 39 आणि 2C चा एक्सॉर 15. म्हणून ओळ निघते ती अशी:

```
1044,17.4,60.9,511*15
```

वाटेत 1 गळतो. पोचते `1044,7.4,60.9,511*15`. घेणारा तारांकनाआधीच्या मजकुराचा हिशेब स्वतः करतो. गळालेल्या 1 चा अंक 31 आहे, त्यामुळे 15 ऐवजी आता 24 येतात. चलन सांगतं 15, मोजणी सांगते 24. ओळ बाद. 7.4 शक्य आहे की अशक्य, निफाड थंड की गरम, यातलं काहीही विचारावं लागलं नाही.

चलनाला मर्यादा आहेच. क्रेटची संख्या जुळली म्हणून आतला माल तोच असं होत नाही. एक्सॉरला क्रम कळत नाही: 17 चे 71 झाले तरी उत्तर तेच. दोन अक्षरांतला एकाच जागेचा बिट उलटला तरी दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. निव्वळ कचरा आला तर तोही 256 मध्ये एकदा नशिबाने जुळू शकतो. म्हणून आकड्यांची संख्या आणि आकडेपणा तपासणाऱ्या चाळण्या चेकसमनंतरही ठेवायच्या. आणि ओळींवर यंत्रं चालणार असतील, तर एक्सॉरच्या जागी सीआरसी-16 घ्यायचा. सलग 16 बिटांच्या आतली कोणतीही मोडतोड तो हमखास पकडतो. आर्डुइनोला त्याचं तयार फंक्शन मिळतं आणि पायथनच्या `binascii` मध्येही आहे.

घेणाऱ्या बाजूला

पायथनमध्ये तपासणीचा गाभा असा दिसतो:

```python
def parse(raw):
    body, star, tail = raw.strip().rpartition(b"*")
    x = 0
    for b in body:
        x ^= b
    if not star or tail != b"%02X" % x:
        return None, "checksum"
    p = body.split(b",")
    if len(p) != 4:
        return None, "fields"
    try:
        row = int(p[0]), float(p[1]), float(p[2]), int(p[3])
    except ValueError:
        return None, "number"
    return row, "ok"
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक, ओळ शेवटपर्यंत कच्च्या बाइटच्या रूपातच ठेवली आहे. आधी तिचं मजकुरात रूपांतर करायला गेलं, तर एखादा भलताच बाइट आला की पायथन तिथेच चूक दाखवून थांबतो, आणि एका खराब अक्षरापायी रात्रभराची नोंद बंद पडते. दोन, प्रत्येक बाद ओळीबरोबर तिचं कारण परत दिलं आहे. त्याचा उपयोग पुढे कळेल.

सगळ्यात जास्त फसवतो तो मात्र या तुकड्याच्या बाहेरचा भाग: ओळ गोळा करणं. पायसिरियल या वाचनालयाचं `readline` एका ठरावीक वेळेपर्यंतच थांबतं. तेवढ्यात ओळ पुरी आली नाही, तर जेवढी आली तेवढीच हातात देतं, आणि तक्रार करत नाही. समजा ओळ येत असतानाच वेळ संपली. हातात `1046,17.3,6` आलं, ते बाद झालं. पुढच्या फेरीत `1.0,511*18` असं शेपूट आलं, तेही बाद. तारेत काहीच बिघडलं नव्हतं, एक चांगली ओळ आपणच तोडली. उपाय सोपा: आलेले बाइट एका जागी साठवत जायचं, ओळ तोडणारं चिन्ह दिसलं की तिथपर्यंतचा भाग `parse` कडे द्यायचा, उरलेला पुढच्यासाठी ठेवायचा. त्याला एक कुंपण हवं. दोन्हीकडचा वेग वेगवेगळा लावला गेला असेल, तर ते चिन्ह कधी येतच नाही आणि साठा फुगत राहतो. आपली ओळ पंचवीस बाइटच्या आत आहे, तेव्हा दोनशे बाइट जमूनही ओळ संपली नाही तर साठा रिकामा करायचा.

खराब ओळ आणि खराब बातमी

आता पाचवी ओळ. डीएचटी-२२ची तार निघाली किंवा त्याची बेरीज जुळली नाही, की आर्डुइनोचं सर्वपरिचित वाचनालय तापमानाऐवजी `nan` देतं आणि तेच ओळीत उतरतं. या ओळीचा चेकसम जुळतो. गंमत म्हणजे पायथनचं `float` सुद्धा `nan` हा शब्द बिनतक्रार स्वीकारतं, त्यामुळे तो आपल्या तपासणीतून ‘ओके’ म्हणून बाहेर पडतो. पुढे `nan` ची 8 शी तुलना केली तर उत्तर नेहमी ‘नाही’. म्हणजे पारा 8 च्या खाली गेला का? नाही. गजर शांत.

इथे मोह होतो तो `nan` लाही खराब ओळींत ढकलून मोकळं होण्याचा. तो टाळायचा, कारण ही ओळ जशी निघाली तशीच पोचली आहे. ती सांगते आहे की सेन्सर वाचता आला नाही, आणि ते खरं आहे. मोडलेली ओळ गाळायची असते, वाईट बातमी ऐकायची असते. अशा नोंदीतला ओलाव्याचा आकडा ठेवायचा, तापमानाच्या जागी रिकामं सोडायचं, आणि `nan` लागोपाठ यायला लागले तर सेन्सर बघायला माणूस पाठवायचा. 80 अंशांवरच्या तापमानाचंही तेच. चेकसम जुळला असेल, तर दोष तारेचा नाही, सेन्सरचा किंवा आर्डुइनोतल्या प्रोग्रामचा आहे. उदाहरणार्थ, उनोवर साधा `int` 32767 च्या पुढे गेला की थेट ऋण होतो. रोज 8640 ओळींच्या हिशेबाने अनुक्रमांक चौथ्या दिवशी उणे यायला लागतो. ओळ शाबूत, आकडा वेडा. तिथे `unsigned long` वापरायचा.

गाळलेल्याची मोजदाद

ओळ सोडून द्यायला आपल्याला परवडतं, कारण दहा सेकंदांत बागेचा पारा फारसा हलत नाही. एक गेली तर पुढची येते. गेलेल्या जागी शून्य भरणं किंवा मागचाच आकडा पुन्हा लिहिणं मात्र परवडत नाही. शून्याने खोटा गजर वाजतो. शिळ्या आकड्याने खरा गजर झोपतो, तार उंदराने कुरतडली तरी पडद्यावर 17.4 झळकत राहतं.

म्हणून दोन सवयी लावायच्या. पहिली, शेवटची चांगली ओळ कधी आली ती वेळ जपायची, आणि पाच मिनिटं एकही चांगली ओळ आली नाही तर त्याचाच वेगळा गजर वाजवायचा. दुसरी, प्रत्येक बाद ओळ जशीच्या तशी, वेळ आणि कारणासह, वेगळ्या फाइलमध्ये टाकायची आणि दर तासाचा हिशेब ठेवायचा. तासाला 360 ओळी अपेक्षित आहेत. चांगल्या किती, चेकसममध्ये किती गेल्या आणि अनुक्रमांकात किती खिंडारं पडली, यावरून दुखणं कुठे आहे ते घरबसल्या ओळखता येतं.

चालू करताना एकच ओळ बाद झाली, तर ते नेहमीचं. सगळ्याच बाद होत असतील तर वेग जुळत नाही. बाद ओळी एकही नाहीत पण अनुक्रमांक मध्येच दहा-वीसने उडतो, तर ओळी वाटेत सबंधच्या सबंध हरवताहेत, संगणकाचा प्रोग्राम वेळेत वाचत नाही. अनुक्रमांक परत 1 वर आला, तर आर्डुइनो बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मोटर सुरू होतानाच हे होत असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज पडतोय, आणि त्याला वेगळा वीजपुरवठा हवा. चेकसमची बाद संख्या दिवसभर शून्य आणि मोटर सुरू असलेल्या तासांत चाळीस-पन्नास असेल, तर दोष तारेच्या मार्गात आहे. ती मोटरच्या केबलपासून लांब न्यायची, किंवा दोन्ही टोकांना आरएस-485 चे छोटे मोड्यूल बसवायचे. ते सिग्नल दोन तारांमधल्या फरकाच्या रूपात पाठवतात. झटका दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो, त्यामुळे फरक तसाच राहतो.

तार बदलल्यावर त्या तासांतली बाद संख्या शून्यावर आली, तर दुरुस्ती झाली. चाळीसवरून तीसवर आली, तर नुसतं बरं वाटलं.